वयाने मोठ्या व्हिएतनामी परिचितांना संदेश लिहिताना: त्यांना काय म्हणावे आणि स्वतःला काय म्हणावे

व्हिएतनामी भाषा शिकू लागलेल्या मराठी माणसाला नात्यांचे शब्द लवकर पाठ होतात, कारण अनोळखी माणसाला दादा, ताई, काका किंवा मावशी म्हणण्याची सवय आपल्याला लहानपणापासूनच असते. अडचण येते ती स्वतःविषयी लिहिताना. मराठीत समोरच्याला काका म्हटले काय किंवा दादा म्हटले काय, बोलणारा स्वतःला ‘मी’च म्हणतो. व्हिएतनामीत मात्र समोरच्याला एका नात्याने हाक मारली की स्वतःलाही त्याच नात्याच्या दुसऱ्या टोकाचा शब्द वापरावा लागतो. त्यामुळे तेथे एकच शब्द निवडून भागत नाही, जोडी निवडावी लागते. पुढील विवेचन झालो या तेथे सर्रास वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅपवरील किंवा साध्या मोबाइल संदेशांतील अशा संवादाविषयी आहे, ज्यात समोरची व्यक्ती वयाने मोठी आहे, ओळखीची आहे, परंतु घरातली नाही.

पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या धड्यात ‘मी’साठी ‘तोय’ आणि ‘तू’साठी ‘बान’ हे शब्द भेटतात. ते व्याकरणाने चूक नाहीत, पण मोठ्या माणसाला लिहिताना ते टाळावेत. ‘बान’चा मूळ अर्थ मित्र, म्हणजे बरोबरीचा. पंधरा वर्षांनी मोठ्या बाईंना ‘बान’ लिहिणे म्हणजे वयाचे अंतर पुसून टाकणे होय. ‘तोय’मध्ये अंतर आणि अलिप्तपणा आहे. सभेत भाषण करताना किंवा औपचारिक अर्जात तो शोभतो, ओळखीच्या माणसाशी गप्पा मारताना तो थंड वाटतो.

कोणत्या जोड्या आहेत

मोठ्या परिचितांसाठी प्रत्यक्षात पाच-सहा जोड्या पुरतात. डाव्या बाजूचा शब्द मोठ्या व्यक्तीचा आणि उजव्या बाजूचा आपला आहे.

```
anh – em
chị – em
chú – cháu
cô – cháu
bác – cháu
ông / bà – cháu
```

पहिल्या दोन जोड्या भावंडांच्या आहेत. ‘आन्ह’ म्हणजे थोरला भाऊ, ‘ची’ म्हणजे थोरली बहीण आणि ‘एम’ म्हणजे धाकटे भावंड, मग ते मुलगा असो वा मुलगी. पुढच्या जोड्या एक पिढी वर जातात. ‘चू’ म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, ‘को’ म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, आणि ‘बाक’ म्हणजे आईवडिलांहून मोठे असलेले त्यांचे भावंड, पुरुष किंवा स्त्री. त्यांच्यासमोर आपण ‘चाउ’, म्हणजे पुतण्या किंवा भाची. शेवटची जोडी आजी-आजोबांची असून तेथेही आपण ‘चाउ’च राहतो, कारण नातवंडांनाही तोच शब्द आहे.

येथे एक भेद मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा. आपण वडिलांच्या भावाला धाकटा असो वा थोरला, बहुधा काकाच म्हणतो. व्हिएतनामीत धाकटा ‘चू’ आणि थोरला ‘बाक’ असे स्पष्ट विभाजन आहे, आणि ‘बाक’मध्ये मान अधिक आहे. हो ची मिन्ह यांना व्हिएतनामी लोक ‘बाक हो’ म्हणतात, त्यातला ‘बाक’ हाच. त्यामुळे काकांच्या वयाच्या गृहस्थाला संबोधताना त्यांचे वय आपल्या वयाशी ताडून पुरत नाही, ते आपल्या आईवडिलांच्या वयाशी ताडून पाहावे लागते. आईवडिलांहून लहान असतील तर ‘चू’ किंवा ‘को’, मोठे असतील तर ‘बाक’.

जोडी कशी ठरवावी

पहिली गोष्ट म्हणजे ही ओळख कोणाच्या मार्फत झाली ते पाहावे. मित्राच्या मार्फत झाली असेल तर मित्र त्या व्यक्तीला जे म्हणतो तेच आपण म्हणावे, म्हणजेच स्वतःला मित्राच्या जागी उभे करावे. मित्राची थोरली बहीण आपलीही ‘ची’; मित्राचे आईवडील मात्र आपल्यासाठी त्यांच्या वयानुसार ‘बाक’, ‘को’ किंवा ‘चू’. हा मार्ग सर्वांत सुरक्षित आहे, कारण वयाचा अंदाज बहुधा बांधावा लागत नाही.

ओळख थेट असेल तर वय माहीत करून घ्यावे लागते. व्हिएतनाममध्ये नव्या ओळखीत जन्मवर्ष विचारणे हा आगाऊपणा समजला जात नाही, कारण त्याशिवाय दोघांनाही बोलायला सुरुवात करता येत नाही. तरीही मोठ्यांना थेट ‘तुमचे वय काय’ असे विचारण्यापेक्षा आपले जन्मवर्ष आधी सांगावे. मग समोरची व्यक्ती आपणहून हिशेब करते. काही जण वर्षाऐवजी राशिचक्रातला प्राणी सांगतात. चक्र बारा वर्षांचे असल्याने ‘मांजर’ सांगणारा माणूस 1975चा किंवा 1987चा असू शकतो आणि चेहरा पाहून त्यातले कोणते वर्ष हे सहज कळते. चिनी चक्रातील सशाच्या जागी व्हिएतनामी चक्रात मांजर आहे, हे माहीत नसेल तर गोंधळ होतो. शिवाय चांद्र नववर्ष जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येत असल्याने वर्षाच्या अगदी सुरुवातीला जन्मलेल्यांचा प्राणी आदल्या वर्षाचा असतो.

अंतर कळल्यावर ढोबळ नियम असा आहे. दहा-पंधरा वर्षांपर्यंत मोठ्या व्यक्तीला ‘आन्ह’ किंवा ‘ची’ म्हणावे. आपल्या आईवडिलांच्या पिढीतील असेल तर ‘चू’, ‘को’ किंवा ‘बाक’, आणि आजोबा-आजीच्या वयाची असेल तर ‘ओंग’ किंवा ‘बा’. परंतु कामाच्या ठिकाणी ही सीमा वर सरकते. कार्यालयात आणि व्यापारात वीस वर्षांनी मोठ्या सहकाऱ्यालाही ‘आन्ह’ किंवा ‘ची’ म्हणणे रूढ आहे, कारण तेथे सर्वांना भावंडांच्या पातळीवर ठेवणे सोयीचे पडते. स्त्रियांच्या बाबतीत सीमेवर शंका आली तर पिढी वर नेऊ नये, असे मी सुचवीन. चाळिशीतल्या बाईंना ‘को’ म्हटले तर त्या रागावतीलच असे नाही, पण ‘ची’ म्हटल्याने कोणी रागावत नाही. साठीच्या पुढच्या व्यक्तीच्या बाबतीत मात्र उलट आहे. तेथे ‘आन्ह’ लिहिणे उद्धटपणाचे दिसू शकते.

शिक्षकांचा नियम वेगळा आहे. शिक्षक ‘थाय’, शिक्षिका ‘को’, आणि विद्यार्थी स्वतःला ‘एम’ म्हणतो. म्हणून ‘को’ आणि ‘एम’ ही जोडी वाचली की व्हिएतनामी माणसाला वर्ग आठवतो, आत्या आठवत नाही. शिक्षिका नसलेल्या बाईंना ‘को’ म्हणायचे ठरवले तर स्वतःला ‘चाउ’च म्हणावे.

दक्षिणेकडे, हो ची मिन्ह शहराच्या परिसरात, ‘चाउ’ऐवजी स्वतःला ‘कोन’, म्हणजे अपत्य, म्हणण्याची पद्धत आहे. तेथे भावंडांना जन्मक्रमाच्या आकड्यानेही हाक मारतात, आणि थोरल्याचा आकडा दोन असतो. कोणी आपली ओळख ‘ची बा’, म्हणजे ‘तीन क्रमांकाची ताई’, अशी करून दिली तर तेच लिहावे. ती घरातले दुसरे अपत्य असते. समोरचा माणूस कुठला आहे हे कळत नसेल तर ‘चाउ’ने सुरुवात करावी आणि उत्तरात त्याने आपल्याला ‘कोन’ म्हटले की तो शब्द घ्यावा.

नावाविषयी एकच गोष्ट. व्हिएतनामी नावात आडनाव आधी येते आणि स्वतःचे नाव शेवटी, आणि हाक शेवटच्या नावाने मारतात. सेनापती व्हो ग्विन ज्याप (1911–2013) यांना लोक ‘सेनापती ज्याप’ म्हणत, ‘सेनापती व्हो’ नव्हे. म्हणून संपर्क-यादीत पूर्ण नाव दिसत असेल तर नात्याच्या शब्दापुढे शेवटचा शब्द लावावा. फक्त नाव, नात्याच्या शब्दाविना, मोठ्यांना कधीही लिहू नये.

एक उदाहरण, पहिल्या संदेशापासून

समजा, पुण्याच्या मसाल्याच्या व्यापारात काम करणारा समीर 1994 सालचा आहे. त्याला उत्तर व्हिएतनाममधील येन बाय भागातून दालचिनी घ्यायची आहे. त्या परिसराची दालचिनी प्रसिद्ध आहे. तेथील निर्यातदार बाईंचे नाव होआ असून त्या 1979च्या असाव्यात असे त्याला दुसऱ्या व्यापाऱ्याकडून समजले आहे. समीरची आई 1966ची. बाई आईपेक्षा लहान आहेत, म्हणजे घरगुती ओळख असती तर ‘को’ आणि ‘चाउ’ चालले असते. पण हा व्यवहार आहे आणि अंतर पंधरा वर्षांचे आहे, म्हणून त्याने ‘ची’ आणि ‘एम’ निवडावे. आधी, न ठरवता लिहिलेला संदेश कसा होतो ते पाहू.

```
Cô Hoa ơi, tôi muốn hỏi mua quế.
Bạn gửi báo giá cho tôi.
```

‘होआ आत्या, मला दालचिनी घ्यायची आहे, मित्रा, मला दर पाठव’ असा त्याचा भाव होतो. दोन वाक्यांत समीरने बाईंना आधी आत्या केले, स्वतःला परका ठेवले, आणि मग आत्याला बरोबरीचा मित्र करून टाकले. शब्द सगळे बरोबर आहेत, पण वाचणाऱ्याला लिहिणारा नेमका कुठे उभा आहे हेच समजत नाही. आता जोडी ठरवून लिहिलेला संदेश:

```
Dạ em chào chị Hoa ạ. Em là Sameer, ở Pune, Ấn Độ.
Em muốn hỏi mua quế ạ.
Em sinh năm 1994, em gọi chị là chị được không ạ?
```

‘नमस्कार होआताई, मी पुण्याचा समीर. मला दालचिनीविषयी विचारायचे होते. माझा जन्म 1994चा, तुम्हाला ताई म्हटले तर चालेल का?’ येथे मराठीत जेथे ‘मी’ आणि ‘माझा’ आले आहे तेथे सर्वत्र ‘एम’ आहे, आणि जेथे ‘तुम्ही’ आहे तेथे ‘ची’. क्रियापद कुठेही बदलत नाही. मराठीतील करतो-करते किंवा करतोस-करता असे रूपभेद व्हिएतनामीत नसल्याने आदराचा सगळा भार या शब्दांवर आणि दोन छोट्या अव्ययांवर पडतो. वाक्याच्या सुरुवातीचे ‘ज़ा’ (दक्षिणेत त्याचा उच्चार ‘या’ होतो) आणि शेवटचे ‘आ’ ही ती अव्यये. ‘आ’ प्रत्येक वाक्याला लावण्याची गरज नसते, पण अभिवादन, प्रश्न आणि आभार यांच्या शेवटी ते असावे. बाईंचे उत्तर असे येते:

```
Chào em. Cứ gọi chị là được rồi.
Chiều chị gửi báo giá cho em nhé.
```

‘नमस्कार. ताईच म्हण, चालेल. दुपारनंतर मी तुला दर पाठवते.’ नवख्या वाचकाची अडखळण्याची जागा हीच आहे. समीरच्या संदेशात ‘ची’ म्हणजे ‘तुम्ही’ होते, बाईंच्या संदेशात तोच शब्द ‘मी’ झाला आहे. ‘एम’चेही तसेच झाले. वाचताना आधी संदेश कोणाचा आहे ते पाहावे आणि मग मोठ्या टोकाचा शब्द त्या व्यक्तीकडे, धाकट्या टोकाचा आपल्याकडे न्यावा. उत्तर देताना बाईंचे वाक्य जसेच्या तसे उचलायचे नाही. त्यांचे ‘ची’ आणि ‘एम’ आपल्या वाक्यात अर्थाच्या दृष्टीने पालटतात. त्यांच्या वाक्याच्या शेवटचे ‘न्ये’ हेही मोठ्यांनी धाकट्यांना लिहिताना सहज येते. आपण ते एकटे वापरले तर सलगी वाटते, म्हणून आपल्या वाक्याला ‘आ’ लावावे.

```
Dạ vâng ạ, em cảm ơn chị.
Em chờ báo giá của chị ạ.
```

‘हो ताई, आभारी आहे, तुमच्या दराची वाट पाहतो.’ ‘वंग’ हे उत्तरेकडील ‘हो’ असून दक्षिणेत नुसते ‘ज़ा’ पुरते.

काही दिवसांनी बाईंनी गटात त्यांचे वडीलही घेतले. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि समीरच्या वडिलांपेक्षा मोठे आहेत. ते लिहितात:

```
Chào cháu, bác là bố chị Hoa.
```

‘नमस्कार, मी होआताईचा बाबा.’ त्यांनी स्वतःसाठी ‘बाक’ आणि समीरसाठी ‘चाउ’ आधीच ठरवून दिले आहे. शिवाय स्वतःच्या मुलीलाही त्यांनी समीरच्या जागेवरून ‘ची होआ’ म्हटले आहे. समीरला आता एकाच संदेशात दोन वेगळे ‘मी’ लिहावे लागतील, आणि ते योग्यच आहे:

```
Dạ cháu chào bác, em chào chị ạ.
```

बाप आणि लेक यांना एकाच शब्दाने उरकणे येथे शक्य नाही. ज्याला उद्देशून वाक्य आहे त्याच्याशी असलेले नाते त्या वाक्यापुरते चालते.

उत्तर वाचून आपली निवड तपासणे

पहिल्या उत्तरात समोरची व्यक्ती स्वतःला काय म्हणते, हे सर्वांत विश्वासू चिन्ह आहे. आपण ‘को’ लिहिले आणि बाईंनी ‘ची’ म्हणून उत्तर दिले, तर त्यांनी निवड शांतपणे दुरुस्त केली आहे. त्यावर खुलासा किंवा माफीनामा न लिहिता पुढच्याच संदेशापासून ‘ची’ आणि ‘एम’ वापरावे. त्या एका शब्दापुरता बदल करून स्वतःला ‘चाउ’च ठेवणे ही नेहमी घडणारी चूक आहे. जोडीचे दोन्ही शब्द एकत्र बदलतात.

समोरची व्यक्ती दोन-तीन संदेशांत कोणतेच संबोधन वापरत नसेल, नुसते ‘ठीक’, ‘पाठवले’ असे लिहीत असेल, तर तिलाही आपले वय माहीत नसण्याची शक्यता असते. अशा वेळी जन्मवर्ष सांगितले की अडलेला संवाद मोकळा होतो.

कधी कधी मोठ्या वयाचे गृहस्थ आपल्यालाच ‘चू’ किंवा ‘को’ म्हणतात. ते मुलांच्या तोंडून हाक मारत असतात, म्हणजे ‘माझ्या मुलांचा काका’ अशा अर्थाने. मराठी घरांतही आईबाप मुलांच्या वतीने पाहुण्याला काका म्हणतात, तसेच हे आहे. त्यावरून आपण स्वतःला ‘चू’ म्हणू लागायचे नाही. आपले ‘एम’ आणि त्यांचे ‘आन्ह’ कायम ठेवावे.

मोठ्या पुरुषाने तरुण स्त्रीला लिहिताना स्वतःला ‘आन्ह’ आणि तिला ‘एम’ म्हटले तर त्यातून प्रेमभाव काढू नये. पतीपत्नी आणि प्रेमिक हीच जोडी वापरतात हे खरे, पण ती कार्यालयात, दुकानात, शेजारीपाजारी सर्वत्र चालते. भाव काय आहे ते बाकीच्या मजकुरावरून ठरते. संबोधनावरून ते ठरत नाही. ज्या मुलींना हे माहीत नसते त्या विनाकारण अस्वस्थ होतात, म्हणून मी ते येथे स्पष्ट लिहिले आहे.

‘आन्ह’ किंवा ‘ची’ म्हणून बोलणारी व्यक्ती अचानक ‘तोय’ लिहू लागली तर मात्र थांबून विचार करावा. समीरने नमुन्याविषयी तक्रार केली आणि होआबाईंनी असे लिहिले:

```
Tôi đã gửi đúng mẫu rồi.
```

‘मी बरोबर नमुना पाठवला आहे.’ अर्थ साधाच आहे, पण ताईने ताईपण काढून घेतले आहे. त्या दुखावल्या आहेत किंवा व्यवहाराला कोरडे वळण देत आहेत. समीरनेही ‘तोय’ लिहिले तर अंतर पक्के होईल. त्याने आपल्या जागेवरून हलू नये:

```
Dạ em hiểu rồi chị ạ.
Em kiểm tra lại mẫu rồi báo chị ngay ạ.
```

‘समजले ताई. नमुना पुन्हा तपासतो आणि लगेच कळवतो.’ पुढच्या उत्तरात ‘ची’ परत आले तर राग ओसरला असे समजावे.

टंकलेखनाच्या अडचणी

हे शब्द इतके लहान आहेत की एका खुणेने वेगळेच काही होते. म्हणून मोबाइलमध्ये व्हिएतनामी कळफलक बसवून घ्यावा. टेलेक्स पद्धतीत साध्या अक्षरांनंतर खुणेचे अक्षर दाबतात:

```
chij → chị     chus → chú
coo → cô       bacs → bác
chaus → cháu   daj → dạ
```

वयस्कर माणसे बऱ्याचदा खुणांशिवायच लिहितात, आणि त्यांनी तसे लिहिले तरी आपण खुणा द्याव्यात. त्यांचे वाचताना जागेवरून अर्थ लावावा लागतो. `co` हे ‘को’ असू शकते किंवा ‘आहे’ या अर्थाचे `có` असू शकते. नावाच्या आधी आले तर बहुधा ‘को’ असते.

आन्हसाठी `a`, एमसाठी `e`, चीसाठी `c` असे संक्षेप झालोवर सगळेच वापरतात. मोठ्यांनी ते वापरले तर ते घाईत आहेत एवढेच समजावे. धाकट्याने आपले ‘एम’ एकवेळ `e` केले तर खपते, पण समोरच्याचा शब्द एका अक्षरावर आणू नये. शिवाय `c` हे ‘ची’, ‘को’ आणि ‘चाउ’ या तिन्हींचे पहिले अक्षर असल्याने ज्या संवादात जोडी अजून पक्की झालेली नाही तेथे ते मुळीच लिहू नये.

‘बाक’ आणि डॉक्टर या अर्थाचा ‘बाक सी’ हे वेगळे शब्द आहेत. डॉक्टर ओळखीचे असतील तर वयाने लहान असले तरी त्यांना ‘बाक सी’ म्हणता येते, कारण ते पेशाचे संबोधन आहे. पण पाठवताना `sĩ` गळले तर तिशीतल्या डॉक्टरीणबाई वाचणाऱ्याच्या दृष्टीने आपल्या आईहून मोठ्या होतात, म्हणून तो संदेश धाडण्यापूर्वी एकदा वाचून पाहावा.